प्रकरण तिसरे : संशोधन पद्धती

३.१ अभ्यासाचा आराखडा

ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलांच्या मराठी वाचनावर काय परिणाम होतो आणि परत आल्यावर शाळा त्यांना कसे सामावून घेते, हा या अभ्यासाचा विषय. त्यासाठी तुलनात्मक सर्वेक्षण आणि मुलाखती अशी मिश्र पद्धती वापरली. वाचनाची पहिली चाचणी सप्टेंबर २०२४ च्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हणजे टोळ्या निघण्यापूर्वी घेतली आणि दुसरी जुलै २०२५ मध्ये. मार्च-एप्रिलमध्ये चाचणी घेण्याचा मोह होता, पण कारखान्यांचे पट्टे एकाच वेळी पडत नाहीत. काही टोळ्या आधी परततात, काही उन्हाळ्याच्या तोंडावर. त्या काळात चाचणी घेतली असती, तर सर्वांत उशिरा परतणारी आणि बहुधा सर्वाधिक शाळा बुडालेली मुलेच नेमकी निसटली असती.

३.२ नमुना निवड

बीड जिल्ह्याची निवड सहेतुक आहे. राज्यातील ऊसतोड मजुरांचे मोठे स्थलांतर या जिल्ह्यातून होते. अभ्यासाचा तालुका बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील आहे. त्याचे नाव प्रबंधात मुद्दाम दिलेले नाही. तिसरीच्या वर्गात आठ-दहा मुले असतील, तर तालुका आणि शाळेचा प्रकार एवढ्यावरूनही गावातला माणूस मूल ओळखू शकतो.

तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांचे दोन स्तर केले : हंगामी वसतिगृहाची सोय असलेल्या आणि नसलेल्या. प्रत्येक स्तरातून चिठ्ठी पद्धतीने सात, अशा एकूण १४ शाळा निवडल्या. वसतिगृहाच्या सोयीमुळे काही मुले आजी-आजोबांकडे गावातच राहतात. हा भेद दुर्लक्षिला असता, तर स्थलांतरित कुटुंबातील सगळी मुले एकाच गटात कोंबली गेली असती.

शाळेच्या आत नमुना काढला नाही, तिसरीची सगळी मुले घेतली. याची कारणे दोन. पटावरून यादृच्छिक नमुना काढून त्या दिवशी हजर असलेल्यांची चाचणी घेणे सोपे असते, परंतु पटावर नाव आहे आणि मूल फडावर आहे अशी स्थिती असताना ही पद्धत अभ्यासाच्या विषयालाच नमुन्यातून वगळते. दुसरे असे, की वर्गातून फक्त ‘ऊसतोडवाल्यांची’ पोरे बाजूला बोलावली, तर त्यांच्यावर शिक्का बसतो. तिसरीचा वर्ग घेण्यामागे व्यावहारिक विचार आहे. अनेक शाळा चौथीपर्यंतच आहेत. तिसरीतले मूल पुढच्या जुलैत चौथीत, म्हणजे त्याच शाळेत सापडते.

पहिल्या चाचणीच्या वेळी संमती मिळालेली १२६ मुले नमुन्यात होती. हंगामात सलग ६० किंवा अधिक दिवस फडावर राहिलेले मूल ‘स्थलांतरित’ मानले. हा निकष केवळ हजेरीपटावरून ठरवला नाही. पालकांचे सांगणे, शिक्षकांची माहिती आणि हजेरी यांचा मेळ घातला आणि जिथे तो बसला नाही तिथे पालकांचे सांगणे ग्राह्य धरले. जुलैत न भेटलेल्या मुलांच्या गावी पुन्हा एकदा भेट दिली. तरीही न सापडलेली मुले विश्लेषणातून गुपचूप वगळली नाहीत. त्यांचे सप्टेंबरचे गुण चौथ्या प्रकरणात स्वतंत्र दिले आहेत.

३.३ माहिती संकलनाची साधने

वाचन चाचणी तोंडी आणि एकेकट्या मुलाची घेतली. लेखी चाचणीत वाचन किती आणि लिहिणे किती, हे वेगळे काढता येत नाही. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, ही ‘असर’ सर्वेक्षणामुळे शिक्षकांच्या परिचयाची उतरंड ठेवली, मात्र मजकूर नवा लिहिला. गोष्टीनंतर अर्थाचे तीन प्रश्न जोडले, कारण घडाघडा वाचणारे प्रत्येक मूल समजून वाचत असेलच असे नाही. पाठांतराचा परिणाम टाळण्यासाठी समान काठिण्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन संच केले.

नमुन्याबाहेरील दोन शाळांत पूर्वचाचणी घेतली. त्यातून एक परिच्छेद काढून टाकावा लागला. तो बैलगाडी, वाढे आणि कोपीवरच्या चुलीबद्दल होता. फडावर राहिलेली मुले पहिले दोन शब्द वाचून पुढचे अंदाजाने बोलत होती आणि तो वाचताना काही मुले वर्गमित्रांकडे पाहून ओशाळत होती. मुलांच्या अनुभवाला जवळचा मजकूर चांगला, हे तत्त्व इथे सरसकट लागू पडत नाही. चाचणीच्या गुणांकनासाठी दोन निरीक्षकांनी स्वतंत्र नोंदी केल्या आणि त्यांच्यातील एकवाक्यतेसाठी कप्पा गुणांक किमान ०.७५ असावा, ही अट आधीच ठरवली होती.

मुलांची औपचारिक मुलाखत घेतली नाही. दोन-दोन मुलांना ‘दिवसाचे घड्याळ’ चितारायला दिले : सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय केले. एक चित्र गावातले, एक फडावरचे. गावातच राहणाऱ्यांनी शाळेच्या आणि सुट्टीच्या दिवसाची चित्रे काढली. मोळ्या बांधल्या का, किती पैसे मिळाले, असे प्रश्न विचारले नाहीत. उत्तराने आईबाप अडचणीत येतील ही भीती मुलाच्या मनात घालण्याचा अधिकार संशोधिकेला नाही.

पालकांच्या अर्धसंरचित मुलाखती गावातच, त्यांच्या घरी घेतल्या. फडावर मुकादमाच्या देखत घेतलेली मुलाखत उचलीच्या दबावाखाली झाली असती. शिक्षकांसाठीही अशीच मुलाखत-सूची वापरली. हजेरीपटातून महिनावार उपस्थिती उतरवून घेतली.

३.४ बालसहभागींसाठी नैतिक दक्षता

संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा होकार घेतला. यांतील एकही कागद पालकांच्या किंवा मुलाच्या संमतीची जागा घेत नाही. ‘हरकत असल्यास कळवावे’ अशी चिठ्ठी घरी पाठवण्याची रूढ पद्धत नाकारली, कारण चिठ्ठी न वाचता आलेल्या पालकाचे मौन संमती ठरते. संमतीपत्र साक्षीदारासमोर वाचून दाखवले. मूल आजीकडे असेल तर आजीची संमती घेऊन आईवडिलांशी फोनवर बोलणे झाले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयोगटातील मुलांची तोंडी अनुमती आवश्यक असते. येथे खरी अडचण संशोधिकेचीच होती. ती स्वतः जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे आणि बाईंना ‘नाही’ म्हणायचे नसते, हे तिसरीतले मूल पक्के शिकलेले असते. म्हणून अनुमती विचारण्याचे काम दुसऱ्या तालुक्यातील सहायक ताईकडे दिले. मुलाने हिरवे किंवा लाल कार्ड उचलायचे, कारण विचारायचे नाही. हिरवे उचलूनही मूल गप्प झाले, दाराकडे पाहू लागले, तर चाचणी तिथेच थांबवली. शेवटी गोष्टीचे पुस्तक आणि पेन्सिल वर्गातील सर्वांना दिली, लाल कार्डवाल्यांनाही.

चाचणी व्हरांड्यात घेतली, जिथून मूल सर्वांना दिसते पण त्याचा आवाज वर्गात जात नाही. बंद खोलीत कोणीही मुलाबरोबर एकटे बसले नाही.

‘तू सांगितलेले कुणालाच सांगणार नाही’ असे वचन मुलांना दिले नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, त्यामुळे ते वचन खोटे ठरले असते. त्याऐवजी ‘तुला कुणी त्रास देत असेल, तर तुला मदत मिळावी म्हणून मला मोठ्यांना सांगावे लागेल’ असे सुरुवातीलाच सांगितले. १०९८ हा क्रमांक आणि तो कशासाठी आहे, हे पूर्ण वर्गाला समजावले.

मुलानिहाय गुण शिक्षकांना दिले नाहीत. मागे पडलेल्या मुलाला मदत मिळायला हवी, हा आक्षेप रास्त आहे. तरी ‘हे तर जाणारच’ अशी खूणगाठ बांधली जाण्याचा धोका जास्त वाटला. निकाल पालकांना समक्ष सांगितला आणि त्यांनी म्हटल्यास शिक्षकांनाही. याला अपवाद एकच : मुलाला दिसण्या-ऐकण्यात अडचण जाणवली, तर पालकांना सांगून शिक्षकांनाही लगेच कळवले.

नावे आणि सांकेतिक क्रमांकांची यादी वेगळ्या कुलूपबंद कपाटात ठेवली. ध्वनिमुद्रणे लिप्यंतर तपासून झाल्यावर पुसली. मुलांची छायाचित्रे काढली नाहीत. परिशिष्टात दिलेल्या चित्रांवरील नावे, गावे आणि ट्रॅक्टरचे क्रमांक झाकले आहेत.