ओपीडी डिक्टेशन ते केस नोट: ४७ वर्षांच्या पेशंट, थकवा, धाप आणि अंगावरून जास्त जाणं

मॅडम, आजच्या तिसऱ्या पेशंटचं रेकॉर्डिंग उतरवून नोट तयार केलीय. आधी तुमचं डिक्टेशन जसंच्या तसं ठेवलंय, मग माझे प्रश्न आणि तुमची उत्तरं, आणि मग फायलीत लावायची नोट. जे तुम्ही बोलला नाहीत ते मी कुठेही "नॉर्मल" म्हणून टाकलेलं नाही, कारण उद्या दुसरं कोणी ही फाईल उघडेल आणि जी तपासणी झालीच नाही ती झालीय असं धरून चालेल.

डिक्टेशन

हां, नेक्स्ट, ४७ वर्षांच्या बाई, थकवा, चार-पाच महिने झाले, आधी एका दमात दोन जिने चढायच्या आता पहिल्याच जिन्यात धाप लागते, धडधडतं, उठताना डोळ्यापुढे अंधारी येते, बेशुद्ध झालेल्या नाहीत, छातीत दुखत नाही. झोपल्यावर दम लागत नाही, पायाला सूज नाही. बर्फ खावासा वाटतो म्हणाल्या, रोज वाटीभर खातात. थायरॉईड आहे आठ वर्षं, थायरॉक्सिन ७५, नाही नाही, १००, मागच्या वर्षी वाढवली. सकाळी थायरॉईडची गोळी, कॅल्शियम आणि कोणीतरी दिलेली लोहाची गोळी, तिन्ही एकदम, चहाबरोबर, आता काय बोलणार. पल्स ९८ रेग्युलर, बीपी ११८ ७०, सॅच्युरेशन ९८, वजन ६१. भरपूर पांढऱ्या पडल्यात, नखं चमच्यासारखी खोलगट, जीभ गुळगुळीत. कावीळ नाही, गाठी नाहीत, थायरॉईड हाताला लागत नाही. हार्टला पल्मनरी एरियात सॉफ्ट सिस्टॉलिक मर्मर, फ्लो मर्मर वाटतो. चेस्ट क्लिअर. पोट मऊ, लिव्हर स्प्लीन नाही, गर्भाशय पोटावरून लागत नाही. डाव्या गुडघ्यात, सॉरी उजव्या, करकर आहे, सूज नाही. पाळीचं राहिलं, वर्षभर अनियमित, वीस-बावीस दिवसांनी येते, आठ-नऊ दिवस जाते, गुठळ्या पडतात, रात्री उठून पॅड बदलावं लागतं, आज नववा दिवस. रिपोर्ट, एचबी ७.८, एमसीव्ही ६६, प्लेटलेट ४ लाख ६० हजार, पांढऱ्या पेशी ७,२००, फेरिटिन ५, टीएसएच ९.२. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक स्वतःच घेतायत, तीन महिने, जवळजवळ रोज. शौचाला काळं होत नाही, रक्त नाही, वजन उतरलेलं नाही. आयर्न डेफिशियन्सी अॅनिमिया, पाळीमुळे. ब्लड द्यायची गरज नाही, स्टेबल आहेत. फेरस सल्फेट २०० सुरू करा, (इथे खोकला, आवाज गेला). ट्रॅनेक्झॅमिक ५०० च्या दोन-दोन तीन वेळा, पाळी चालू असतानाच, पाच दिवसांच्या वर नाही, पायात वगैरे रक्ताची गुठळी कधी झालेली नाही, विचारलंय. पेल्व्हिक सोनोग्राफी, गायनॅकला पाठवा, एंडोमेट्रियल बायोप्सी लागेल, ४७ आहे. डायक्लो बंद, पॅरासिटामॉल. थायरॉक्सिनचा डोस वाढवू नका आत्ता. आणि हो, एक राहिलंच, भावाचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, ५२ व्या वर्षी. गॅस्ट्रोला पण पाठवा मग, कोलोनोस्कोपी. दोन आठवड्यांनी बोलवा.

विचारलेलं आणि मॅडमनी दिलेलं उत्तर

लोहाची गोळी रोज की एक दिवसाआड, ते ऐकू आलं नाही. – रोज एक. पोटाला झेपली नाही तर एक दिवसाआड चालेल, पण आपण होऊन बंद करायची नाही हे लिही.

प्रेग्नन्सी टेस्टचा उल्लेख नाही, पाळी अनियमित आहे म्हणून विचारतोय. – केलीय ओपीडीतच, निगेटिव्ह. बोलायची राहिली, टाक.

पीव्ही आणि पीआर? – नाही केलं, ब्लीडिंग चालू होतं, त्यांना गायनॅकमध्येच एकदम करून घ्यायचं होतं. केलं नाही असंच लिही.

असेसमेंटमध्ये तुम्ही "पाळीमुळे" म्हणालात आणि भावाचं नंतर सांगितलंत. कारण एकच लिहू की दोन्ही बाजू उघड्या ठेवू? – उघड्या ठेव. पाळी हे उघड दिसणारं कारण आहे, पण डायक्लो आणि फॅमिली हिस्टरी असताना आतडं बघितल्याशिवाय मी तिथे थांबणार नाही.

हिस्टरी

४७ वर्षांच्या महिला. मुख्य तक्रार ४–५ महिन्यांपासून वाढत चाललेला थकवा आणि चढताना धाप. आधी दोन जिने सहज चढायच्या, आता पहिल्याच जिन्यात थांबावं लागतं. सोबत धडधड, आणि उठताना डोळ्यापुढे अंधारी. बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, आडवं झाल्यावर दम लागणं, पायाला सूज यातलं काही नाही. रोज वाटीभर बर्फ खातात, खाल्ल्याशिवाय राहवत नाही.

पाळी वर्षभर अनियमित, २०–२२ दिवसांनी येते आणि ८–९ दिवस जाते, गुठळ्या पडतात, रात्री पॅड बदलायला उठावं लागतं. तपासणीच्या दिवशी नववा दिवस, ब्लीडिंग चालू.

शौचाला काळं नाही, रक्त नाही, वजन उतरलेलं नाही.

जुना आजार: हायपोथायरॉईडिझम, ८ वर्षं. शिरेत रक्ताची गुठळी पूर्वी कधीच झालेली नाही (विचारून घेतलंय).

चालू औषधं: लिव्होथायरॉक्सिन १०० मायक्रोग्रॅम (मागच्या वर्षी वाढवलेला डोस), कॅल्शियम, लोहाची गोळी (कोणती, किती ते माहीत नाही), आणि तिन्ही सकाळी एकत्र चहाबरोबर. उजव्या गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, कोणी लिहून दिलेलं नाही, ३ महिने जवळजवळ रोज.

फॅमिली हिस्टरी: सख्ख्या भावाला ५२ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालंय. (डिक्टेशनमध्ये हे अगदी शेवटी, प्लॅनच्या मधे आलं होतं, जागेवर आणलंय.)

औषधाची अॅलर्जी: डिक्टेशनमध्ये उल्लेख नाही, पुढच्या भेटीत विचारायचं.

तपासणी

पल्स ९८ नियमित, बीपी ११८/७०, सॅच्युरेशन ९८ टक्के, वजन ६१ किलो. फिकटपणा बराच, नखं चमच्यासारखी खोलगट, जीभ गुळगुळीत. कावीळ नाही, लिम्फ नोड नाहीत, थायरॉईड हाताला लागत नाही.

हृदय: पल्मनरी एरियात सॉफ्ट सिस्टॉलिक मर्मर, अॅनिमियामुळे येणारा फ्लो मर्मर असावा. छाती क्लिअर. पोट मऊ, लिव्हर, स्प्लीन आणि गर्भाशय पोटावरून लागत नाही. उजव्या गुडघ्यात करकर, सूज नाही. पीव्ही आणि पीआर केलेलं नाही, ब्लीडिंग चालू असल्याने पेशंटच्या इच्छेनुसार पुढे ढकललंय.

रिपोर्ट: एचबी ७.८, एमसीव्ही ६६, फेरिटिन ५, प्लेटलेट ४,६०,०००, पांढऱ्या पेशी ७,२००, टीएसएच ९.२. ओपीडीत युरिन प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह.

असेसमेंट

१. आयर्न डेफिशियन्सी अॅनिमिया, लक्षणं देणारा, पण तब्येत स्थिर. एमसीव्ही ६६ आणि फेरिटिन ५ म्हटल्यावर लोह संपलंय यात शंका उरत नाही, बर्फाची ओढ आणि नखंही तेच सांगतायत. सर्वात उघड कारण पाळीचा रक्तस्राव. पण ३ महिन्यांचं डायक्लोफेनॅक आणि भावाचा कॅन्सर बघता पोटातून हळूहळू रक्त जात असण्याची शक्यता खुली आहे, शौचाला रक्त दिसत नाही म्हणून ती बंद होत नाही.

२. ४७ व्या वर्षी अनियमित आणि जास्त रक्तस्राव, कारण अजून ठरायचंय. फायब्रॉईड, पाळी जायच्या आधीचा हार्मोनचा बदल, आणि एंडोमेट्रियमचा आजार वगळणं गरजेचं.

३. हायपोथायरॉईडिझम, टीएसएच वाढलेला. गोळी कॅल्शियम आणि लोहाबरोबर घेतल्याने ती नीट शोषली जात नाही हे सर्वात संभवतं, म्हणून डोस कमी पडतोय असं आत्ताच धरायचं नाही. थायरॉईड कमी असला तरी पाळी जास्त जाऊ शकते आणि थकवाही येतो, म्हणजे हा मुद्दा वरच्या दोन्हीत मिसळलेला आहे.

४. उजव्या गुडघ्याचं दुखणं, झीज असावी.

प्लॅन

रक्त चढवायचं नाही. फेरस सल्फेट २०० एमजी रोज एक, नाही झेपली तर एक दिवसाआड, आपण होऊन बंद करायची नाही. जुनी लोहाची गोळी बंद. शौचाला काळपट होईल आणि बद्धकोष्ठ होऊ शकतं हे आधीच सांगितलंय, नाहीतर पेशंट घाबरून आठवड्यातच सोडतात. डांबरासारखं चिकट, वास येणारं झालं तर मात्र ते गोळीमुळे समजू नये, लगेच दाखवावं. सीबीसी ४ आठवड्यांनी, तोपर्यंत एचबी साधारण २ ने वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळी खरंच घेतली जातेय का आणि रक्त अजून जातंय का ते बघून शिरेतून लोह द्यायचा विचार. एचबी नॉर्मल झाल्यावरही गोळी ३ महिने चालू.

गोळ्यांच्या वेळा पेशंटला कागदावर लिहून दिल्यात: थायरॉईडची सकाळी ६:३० ला उपाशीपोटी पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा तास काही नाही, मग चहा. लोहाची ११:३० ला पाण्याबरोबर, म्हणजे थायरॉईडच्या गोळीपासून ४ तासांपेक्षा जास्त अंतर राहतं, आणि आधी-नंतर तासभर चहा-कॉफी नाही. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. थायरॉक्सिन १०० वरच ठेवून टीएसएच ६–८ आठवड्यांनी परत.

ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड १ ग्रॅम दिवसातून ३ वेळा, फक्त पाळीच्या दिवसांत, जास्तीत जास्त ५ दिवस. पोटरी दुखून सुजली किंवा अचानक दम लागला तर बंद करून लगेच यायचं.

पेल्व्हिक सोनोग्राफी आणि गायनॅक रेफरल, एंडोमेट्रियल बायोप्सीसाठी, राहिलेली पीव्ही तिथेच. गॅस्ट्रो रेफरल, कोलोनोस्कोपीसाठी, चिठ्ठीत भावाचं वय आणि निदान स्पष्ट लिहिलंय. वरून दुर्बीण घालायची का ते त्यांनी ठरवावं, डायक्लोफेनॅकचा उल्लेख केलाय. कोलोनोस्कोपीच्या ७ दिवस आधी लोहाची गोळी थांबवायची, नाहीतर आतडं काळं दिसतं.

डायक्लोफेनॅक बंद, दुकानातून तत्सम दुसरी गोळीही घ्यायची नाही. दुखल्यास पॅरासिटामॉल ५०० एमजीच्या १–२ गोळ्या, दिवसात ३ ग्रॅमच्या आत.

बसल्या जागी दम, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, किंवा तासाला एक पॅड पूर्ण भिजणं, असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता इमर्जन्सीत यायचं. हे पेशंट आणि सोबत आलेल्या मुलीला दोघींनाही सांगितलंय.

पुढची भेट २ आठवड्यांनी, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि घरातली जुनी लोहाची गोळी पाकिटासकट घेऊन.