आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकपदासाठी निमंत्रण

सातारा, दि. 27 जानेवारी 2026

प्रति,
मराठी विभागाच्या निवृत्त प्रमुख,
सांगली

सन्माननीय महोदया,
सप्रेम नमस्कार.

मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळातर्फे गुरुवार दि. 26 आणि शुक्रवार दि. 27 फेब्रुवारी 2026 रोजी सातारा, सांगली व कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी वक्तृत्व स्पर्धा घेण्यात येणार आहे. तिच्या तीन परीक्षकांपैकी एक म्हणून आपण यावे, अशी आमची विनंती आहे. आपल्यासोबत साताऱ्यातील एक ज्येष्ठ वकील आणि आकाशवाणीच्या एक निवृत्त निवेदिका असतील.

प्राथमिक फेरी 26 तारखेला होईल. सकाळी 9.15 वाजता परीक्षकांची बैठक ठेवली असून 10 वाजता भाषणे सुरू होतील. एकूण 34 स्पर्धकांनी नोंदणी केली आहे. त्यांपैकी 18 जण दुपारी 1 पर्यंत, चहासाठी पंधरा मिनिटांची सुट्टी धरून, आणि उरलेले 16 जण 2 ते 4.30 या वेळेत बोलतील. प्रत्येकाला सात मिनिटे मिळतील व दोन भाषणांच्या मधली दोन मिनिटे आपल्याला गुण लिहिण्यासाठी राखून ठेवली आहेत. अंतिम फेरीसाठी निवडलेल्या दहा स्पर्धकांची नावे 5 वाजता जाहीर होतील. या फेरीचे तीन विषय असे आहेत: ‘अभिजात दर्जा मिळाला, पुढे काय?’, ‘माण-खटावचे पाणी आणि आपण’, ‘ग्रामसभेत तरुण का दिसत नाहीत?’

27 तारखेला सकाळी 10 पासून उत्स्फूर्त भाषणांची अंतिम फेरी होईल. स्पर्धकाने चिठ्ठी उचलल्यावर त्याला भ्रमणध्वनीशिवाय पंधरा मिनिटे तयारीसाठी मिळतील आणि नंतर चार मिनिटे बोलायचे असेल. प्राथमिक फेरीचे गुण येथे धरले जाणार नाहीत. साडेअकराला परीक्षकांची चर्चा आणि साडेबाराला पारितोषिक वितरण होईल.

गुणांकनाबाबत थोडे विस्ताराने लिहिते, कारण स्पर्धकांची खरी तक्रार बहुधा निकालापेक्षा निकष न कळण्याविषयी असते. प्राथमिक फेरीच्या 100 गुणांपैकी आशय व युक्तिवादाला 40, मांडणीच्या रचनेला 20, भाषेला 20 आणि सादरीकरणाला 20 गुण आहेत. अंतिम फेरी 50 गुणांची असून विषय न सोडण्याला 20, तर्काच्या जुळणीला 15, भाषेला 10 व सादरीकरणाला 5 गुण आहेत. आवाज चढवून मिळवलेल्या टाळ्यांना आशयाचे गुण जाऊ नयेत, यासाठीच सादरीकरणाचा वाटा मुद्दाम कमी ठेवला आहे. पाठांतर हा दोष मानू नये; मात्र कवितांच्या ओळी आणि थोरांची वचने एकामागून एक ओवून स्वतःचा मुद्दा टाळणाऱ्या भाषणाला आशयाचे गुण सढळ हाताने देऊ नयेत. भाषेचे गुण देताना ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक किंवा गावाकडचा हेल यांवरून गुण कापू नयेत, असा मंडळाचा आग्रह आहे. माणदेशातून आलेल्या मुलाची मराठी त्याच्या वळणाचीच असणार. शब्दांची नेमकी निवड आणि वाक्याची स्पष्टता एवढेच पाहावे.

वेळेचा हिशेब आपल्याकडे नसेल. सहाव्या मिनिटाला सूचक घंटा आणि सातव्या मिनिटाला अंतिम घंटा वाजेल. त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या मिनिटाला वेळाधिकारी सरासरी गुणांतून एक गुण वजा करतील. अंतिम फेरीत याच घंटा तिसऱ्या व चौथ्या मिनिटाला वाजतील. गुणपत्रिकेवर स्पर्धकाचा फक्त क्रमांक असेल, महाविद्यालयाचे नाव नसेल. तरीही कोणी स्पर्धक आपला विद्यार्थी किंवा नातेवाईक असल्यास बैठकीतच सांगावे. त्याचे गुण उरलेल्या दोन परीक्षकांच्या सरासरीने धरू. पहिल्या दोन भाषणांनंतर तिघांनी आपापले गुण एकमेकांना दाखवून मोजपट्टी जुळवून घ्यावी. त्यानंतर मात्र चर्चेपर्यंत ते उघड करू नयेत. समान गुण आल्यास आशयाचे गुण अधिक असलेला स्पर्धक पुढे जाईल.

दोन्ही दिवसांचे मिळून मानधन ₹4,000 आहे. आपल्या अनुभवाच्या मानाने ही रक्कम अल्प आहे याची आम्हाला जाणीव आहे, परंतु मंडळाच्या मंजूर तरतुदीत एवढेच बसते. प्रवासखर्च वेगळा मिळेल: एसटीने आल्यास प्रत्यक्ष तिकिटाएवढा आणि स्वतःच्या वाहनाने आल्यास किलोमीटरला ₹10 प्रमाणे. दोन्ही रकमा स्पर्धेनंतर आठ दिवसांत बँक खात्यात जमा होतील. त्यासाठी पॅन क्रमांक, रद्द केलेला धनादेश आणि तिकिटे सोबत आणावीत. 25 तारखेच्या संध्याकाळपासून महाविद्यालयाच्या अतिथिगृहात आपली निवासाची व भोजनाची सोय केली आहे. बसस्थानकावर आमचे स्वयंसेवक आपल्याला घ्यायला येतील. रेल्वेने येणार असल्यास आधी कळवावे, कारण माहुलीचे स्थानक शहराबाहेर आहे.

आपला होकार याच ईमेलच्या उत्तरी 10 फेब्रुवारीपर्यंत मिळाला, तर गुणपत्रिकेचा नमुना व नियमावली आपल्याला लगेच पाठवता येईल. एकाच दिवशी येणे शक्य असल्यास तसेही मोकळेपणाने कळवावे. अशा वेळी आपल्याला अंतिम फेरीसाठी बोलावू आणि मानधन ₹2,000 राहील.

आपली विश्वासू,
समन्वयक, वक्तृत्व स्पर्धा
वाङ्मय मंडळ, मराठी विभाग