दिवाणजींनी लिहिलेला हिशेब आणि ऑडिटरने तपासलेला हिशेब : बार्शीतील एका किराणा दुकानदारासाठी टिपण

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपण कार्यालयात आलात तेव्हा एक प्रश्न विचारलात : “आमचे दिवाणजी रोज संध्याकाळी टॅलीत सगळे भरतात, जीएसटीची विवरणपत्रे वेळेवर जातात, मग आता हे ऑडिट आणखी कशासाठी?” त्या दिवशी गडबडीत मी एवढेच म्हणालो की कायद्याने ते करावे लागते. हे उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. म्हणून आपल्याच दुकानातील उदाहरणे घेऊन हे सविस्तर लिहीत आहे.

हिशेब लिहिणे म्हणजे घडलेला व्यवहार घडला त्या दिवशी योग्य खात्यात नोंदवणे. पूर्वी हे काम रोजमेळ आणि खतावणीच्या वह्यांत होत असे, आज ते संगणकावर होते, पण त्याचे स्वरूप बदललेले नाही. कंपनीच्या वितरकाकडून ४६,८०० रुपयांचा साबण आणि धुण्याची पावडर आली, तर दिवाणजी खरेदी खात्यात ती रक्कम नावे लिहितात आणि वितरकाच्या खात्यात जमा करतात. पुढे बँकेतून पैसे दिले की वितरकाच्या खात्यातील बाकी फिटते. वर्षभर असे सातत्याने लिहिले की शेवटी सगळ्या खात्यांच्या बाकींची तेरीज निघते आणि तिच्यावरून नफातोटा पत्रक व ताळेबंद तयार होतो. हे काम दुकानाचे आहे, दुकानासाठी आहे आणि त्याची जबाबदारी दुकानाच्या मालकाची, म्हणजे आपली आहे.

ऑडिट, म्हणजे लेखापरीक्षण, या कामाच्या नंतर सुरू होते आणि त्याचा प्रश्नच निराळा असतो. दिवाणजी सांगतात की ४६,८०० रुपयांची खरेदी झाली. ऑडिटर विचारतो की ती झाली हे कशावरून. मूळ बिल आहे का, त्यावर आपल्याच दुकानाचे नाव आणि जीएसटी क्रमांक आहे का, माल खरोखर दुकानात उतरला का, त्या वितरकाने आपल्या विवरणपत्रात हेच बिल दाखवले आहे का, पैसे ज्या खात्यातून गेले ते दुकानाचेच खाते होते का, आणि बिल मार्च महिन्याचे असताना ते एप्रिलमध्ये तर लिहिले गेले नाही ना. काही वितरकांना तो पत्र पाठवून त्यांच्या वहीत आपल्याकडून किती येणे दिसते तेही विचारतो, कारण आपल्या वहीतील आकड्याला बाहेरच्या माणसाने दिलेला दुजोरा आपण स्वतः दिलेल्या खुलाशापेक्षा अधिक भरवशाचा असतो. अशा पुराव्यांच्या आधारे शेवटी तो आपले मत लिहून देतो की हे हिशेब व्यवसायाचे खरे आणि रास्त चित्र दाखवतात की नाही. ते मत हाच ऑडिटचा माल. ताळेबंद हा ऑडिटचा माल नव्हे. तो आपल्याकडून ऑडिटरकडे जातो.

हा फरक आपल्याला एका प्रत्यक्ष गोष्टीवरून चटकन पटेल. आपल्या फायलीत मला १४ ऑगस्टची रोख शिल्लक उणे ६,२०० रुपये दिसली. दिवाणजींची एकही नोंद खोटी नव्हती. त्या दिवशी मालवाहू टेम्पोचे भाडे, हमाली आणि गुळाच्या दोन ढेपींचे पैसे रोख दिले गेले, ते सगळे त्यांनी इमानाने लिहिले. परंतु गल्ल्यात नसलेले पैसे गल्ल्यातून देता येत नाहीत. शिल्लक शून्य होऊ शकते, उणे होऊ शकत नाही. याचा अर्थ असा की त्या दिवशी कोठून तरी आलेले पैसे लिहायचे राहिले : एक तर आपण घरून पैसे आणून गल्ल्यात टाकले, किंवा काही विक्री नोंदली गेली नाही, किंवा कोणाकडून तात्पुरते हातउसने घेतले. बेरीज तिन्ही शक्यतांत जुळते, आणि म्हणूनच केवळ बेरीज तपासणाऱ्याला ही गोष्ट खटकत नाही. पण तीन शक्यतांचे अर्थ फार निरनिराळे आहेत. पहिली असेल तर भांडवल खात्यात एक नोंद करून विषय संपतो, दुसरी असेल तर उत्पन्न कमी दाखवले गेले आहे, आणि तिसरी असेल तर ते कर्ज आहे. एखाद्याकडून २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, हेही लक्षात घ्यावे लागते.

दुसरे उदाहरण क्यूआर कोडचे. गल्ल्यावरचा एक कोड दुकानाच्या चालू खात्याचा आहे, पण गर्दीच्या वेळी आपले चिरंजीव स्वतःच्या मोबाइलवर पैसे घेतात आणि ते त्यांच्या बचत खात्यात जमा होतात. दिवाणजींच्या समोर ते बँकेचे उताऱ्याचे पान कधी येतच नाही, त्यामुळे त्यांच्या नोंदी पूर्ण वाटतात. समोर आलेला कागद बरोबर नोंदवणे हे हिशेब लिहिणाऱ्याचे कसब. समोर न आलेला कागद कोठे असेल याचा शोध घेणे हे ऑडिटरचे. म्हणूनच आपल्याकडून काही माहिती मागितली गेली तर तो आपल्या प्रामाणिकपणावरचा संशय समजू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. प्रश्न विचारणे हेच ते काम आहे.

साठ्याचेही तसेच. ३१ मार्चला दुकानात व गोदामात किती माल होता, यावर वर्षाचा नफा उभा असतो. साठा एक लाखाने फुगवला की नफा तेवढाच फुगतो आणि कमी दाखवला की तेवढाच घटतो. दिवाणजी आपण सांगितलेला आकडा लिहितात. ऑडिटर मोजणीचे कागद मागतो, काही पोती स्वतः मोजतो, आणि वर्ष उलटून गेल्यावर मोजणी करावी लागली तर मधल्या काळातील खरेदी-विक्री वजा-जमा करून ३१ मार्चच्या आकड्यापर्यंत मागे जातो.

आता कायद्याचा भाग. प्रत्येक दुकानाला ऑडिट सक्तीचे नाही. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ४४एबी प्रमाणे व्यवसायाची वार्षिक उलाढाल १ कोटी रुपयांच्या वर गेली की कर-लेखापरीक्षण करावे लागते. मात्र रोखीने आलेली आणि रोखीने दिलेली रक्कम, दोन्ही आपापल्या एकूण रकमेच्या ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा १० कोटींपर्यंत वाढते. याखेरीज कलम ४४एडी ची अनुमानित नफ्याची सोय आहे : २ कोटींपर्यंत उलाढाल असलेला दुकानदार उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, एवढा किंवा त्याहून अधिक नफा दाखवून ऑडिटशिवाय विवरणपत्र भरू शकतो. रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर हीच मर्यादा ३ कोटींची होते. गेल्या वर्षापर्यंत आपण याच सोयीत बसत होता, म्हणून ऑडिटचा विषय कधी निघाला नाही. ३१ मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात मात्र आपली उलाढाल २ कोटी ३० लाखांवर गेली आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक विक्री रोखीची आहे. त्यामुळे आपल्याला दोन्ही सवलती मिळत नाहीत. ऑडिटचा अहवाल ३सीबी आणि ३सीडी या नमुन्यांत ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत दाखल करावा लागेल. तो न केल्यास उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढा दंड होऊ शकतो. आपल्या बाबतीत अर्धा टक्का म्हणजे १ लाख १५ हजार रुपये.

३सीडी या नमुन्यात ऑडिटरला अनेक मुद्द्यांची माहिती नेमकेपणाने द्यावी लागते. उदाहरणार्थ, एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक खर्च रोखीने दिला असेल, तर काही अपवाद वगळता तो खर्च करासाठी धरला जात नाही, आणि असे व्यवहार त्या नमुन्यात लिहावे लागतात. दिवाणजींच्या वहीत अशी नोंद अगदी शुद्ध असू शकते. तिचा कराच्या दृष्टीने होणारा परिणाम ऑडिटमध्ये पुढे येतो.

इथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. सप्टेंबर महिन्यात बिलांची पिशवी आणून ठेवायची आणि “ऑडिट करून टाका” म्हणायचे, अशी पद्धत अनेक बाजारपेठांत रुळली आहे. त्या पिशवीतून हिशेब तयार करणे हे लेखनाचे काम आहे. ते ज्याने केले त्यानेच त्याच हिशेबाचे परीक्षण केले, तर स्वतःचीच उत्तरपत्रिका स्वतः तपासण्यासारखे होते. सनदी लेखापालांच्या व्यावसायिक नियमांनाही ते मान्य नाही. म्हणून आमच्या कार्यालयाकडे आपण ऑडिट सोपवणार असाल, तर वह्या दिवाणजींनीच लिहाव्यात. चूक आढळली तर ती आम्ही दाखवू, दुरुस्तीची नोंद ते करतील आणि अंतिम ताळेबंदावर आधी आपली सही होईल.

ऑडिटकडून काय अपेक्षू नये, तेही सांगतो. ऑडिटर वर्षातील प्रत्येक पावती पाहत नाही. मोठे व्यवहार, विसंगत व्यवहार आणि उरलेल्यांतील काही नमुने तो तपासतो. त्यामुळे गल्ल्यावरच्या मुलाने रोज शंभर-दोनशे रुपये काढले तर ते ऑडिटमध्ये सापडेलच, अशी हमी नाही. ते रोखण्यासाठी रात्री गल्ला मोजून रोजमेळाशी ताडून पाहणे हाच उपाय आहे. तसेच जीएसटी खात्याचे अधिकारी करतात ती तपासणी आणि प्राप्तिकर खात्याची छाननी या सरकारी कारवाया आहेत. आपण नेमलेल्या सनदी लेखापालाचे ऑडिट त्यांहून वेगळे आहे, जरी बाजारात सगळ्यालाच ऑडिट म्हटले जाते.

आपण ज्या पतसंस्थेचे सभासद आहात, तिच्या वार्षिक सभेत दरवर्षी लेखापरीक्षकाचा अहवाल वाचला जातो आणि आपण तो लक्ष देऊन ऐकता, कारण आपली ठेव तिथे आहे. आपल्या दुकानाला माल उधार देणारा वितरक आणि कॅश क्रेडिट देणारी बँक आपल्या ताळेबंदाकडे त्याच नजरेने पाहतात. पुढल्या वर्षी गोदामासाठी कर्ज घेण्याचा आपला विचार आहे, तेव्हा बँक अहवालातील शेरे आधी वाचेल.

सोमवारी दिवाणजींना पाठवताना त्यांच्याबरोबर चालू खात्याचे व चिरंजीवांच्या बचत खात्याचे वर्षभराचे उतारे, खरेदी बिलांच्या फायली, ३१ मार्चच्या साठ्याची मोजणी केलेली वही आणि उधारीची वही द्यावी. १४ ऑगस्टला गल्ल्यात आलेले पैसे कोठून आले, हे तेवढे आपण स्वतः आठवून एका कागदावर लिहून ठेवावे.

आपला,
सनदी लेखापाल
बार्शी, जून २०२५