विषय: क्लिनिकच्या अपॉइंटमेंटसाठी एकत्रित वेळापत्रक – कामाचा प्रस्ताव

२४ जुलै २०२६

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी फोनवर सविस्तर बोललात आणि नंतर जून महिन्याच्या डायरीचे फोटो पेशंटची नावं झाकून पाठवलेत, त्याबद्दल आभार. प्रस्ताव लिहिण्याआधी ती पानं नीट पाहिली, आणि बरं झालं. फोनवरच्या बोलण्यावरून माझा जो अंदाज झाला होता, तो डायरीनं बदलला.

तुमची तक्रार अशी, की एकाच वेळेला दोन पेशंट येतात, एकाला ताटकळावं लागतं आणि बोलणी रिसेप्शनवरच्या ताईंना खावी लागतात. मला वाटलं होतं की तुमच्या किंवा दुसऱ्या डॉक्टरांच्या वेळा एकमेकींवर चढत असणार. पण जूनमध्ये खाडाखोड झालेल्या बहुतेक ओळींपुढे ‘ट्रॅक्शन’ लिहिलेलं आहे. डॉक्टर दोन, टेबलं तीन आणि ट्रॅक्शन मशीन एकच. डायरीत डॉक्टरांचे रकाने आहेत, मशीनचा नाही. त्यामुळे दोन्ही डॉक्टरांच्या रकान्यांत साडेपाचला एकेक पेशंट अगदी बरोबर बसतो आणि दोघंही एकाच मशीनसाठी येतात. यात ताईंची चूक नाही, पानाची आखणीच तशी आहे.

दुसरी अडचण नोंदींच्या जागांची. काही वेळा फोनवर ठरतात, काही व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि सेशन संपल्यावर ‘आता परवा या’ असं तुम्ही टेबलापाशीच सांगता. यातली तिसरी वेळ डायरीत बऱ्याचदा उशिरा चढते, कधी चढतच नाही. तिसरी गोष्ट म्हणजे न सांगता गैरहजर राहणारे पेशंट. त्यांतले बरेचसे चौथ्या-पाचव्या सेशननंतरचे दिसतात. दुखणं कमी झालं की माणूस विसरतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

तुम्ही मोबाईल अ‍ॅपबद्दल विचारलं होतंत. माझं स्पष्ट मत आहे की आत्ता अ‍ॅप करू नये. आठ-दहा सेशनसाठी येणारा पेशंट त्याकरता वेगळं अ‍ॅप घेणार नाही, घेतलं तरी पुढच्या महिन्यात काढून टाकेल. शिवाय अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी ते सांभाळत बसायचा खर्च कायमचा मागे लागतो. ब्राउझरमध्ये उघडणारं एक साधं पान तेच काम करेल.

मी काय करून देईन

मुख्य काम म्हणजे दोन्ही डॉक्टर, तीन टेबलं आणि ट्रॅक्शन मशीन यांचं मिळून एकच वेळापत्रक. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर ते दिवसभर उघडं राहील, तुमच्या मोबाईलवरही दिसेल. ताईंनी उपचाराचा प्रकार निवडला की त्याला किती मिनिटं लागतात आणि मशीन लागतं का, हे वेळापत्रक स्वतःच धरेल आणि फक्त खऱ्याखुऱ्या मोकळ्या वेळा दाखवेल. एकाच क्षणी दोघांनी दोन फोनवरून तीच वेळ घेतली, तरी नोंद एकाचीच होईल. ही अट मी नुसती स्क्रीनवर न ठेवता डेटाबेसमध्येच घालणार आहे. स्क्रीनवरची तपासणी अशा वेळी फसते.

टेबलापाशी ठरणाऱ्या वेळांसाठी तुमच्या मोबाईलवर ‘पुढचं सेशन’ असं एक बटण असेल. दोन वेळा बोट लावलं की नोंद झाली पाहिजे. याहून जास्त वेळ लागला तर गर्दीत तुम्ही ते वापरणार नाही, म्हणून याच्यावर मी सर्वांत जास्त मेहनत घेणार आहे.

पेशंटसाठी बुकिंगचं एक पान असेल. त्यावर नाव, मोबाईल नंबर आणि वेळ एवढंच विचारलं जाईल. दुखणं, रिपोर्ट, औषधं यांतलं काहीही या यंत्रणेत साठवायचं नाही, असा माझा आग्रह आहे. जी माहिती ठेवलीच नाही, ती फुटण्याची भीतीही नाही.

आठवणीच्या मेसेजबद्दल थोडं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आपोआप मेसेज पाठवता येतात, पण त्यासाठी व्यवसायाची नोंदणी, मजकुराला आधी मंजुरी आणि मेसेजमागे शुल्क असा व्याप असतो. मंजुरी कधी मिळेल हे माझ्या हातात नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात संध्याकाळी ताईंसमोर उद्याच्या पेशंटची यादी येईल. नावापुढचं बटण दाबलं की मजकूर तयार असलेली चॅट उघडेल, त्यांनी फक्त पाठवायचं. रोजच्या पंचवीस-तीस पेशंटसाठी हे पुरेसं आहे. महिनाभर वापरून कंटाळा आला, तर आपोआप पाठवण्याचं काम वेगळं घेऊ.

ऑनलाइन पैसे भरणं, बिलं आणि पेशंटच्या केस फाइल या कामात धरलेल्या नाहीत.

वेळापत्रक

३ ऑगस्टला, सोमवारी सुरुवात. पहिल्या आठवड्यात फक्त नियम पक्के करायचे: कोणत्या उपचाराला किती मिनिटं, दोन सेशनमध्ये किती मोकळीक, सुट्ट्या कशा मांडायच्या. यासाठी तुमचा एक तास आणि ताईंचा एक तास लागेल. ताईंचा तास मी जास्त महत्त्वाचा मानते. ७ ऑगस्टला हे नियम लेखी पाठवेन. तुमचा होकार आल्यावरच पुढचं काम.

२१ ऑगस्टला चाचणीची लिंक हातात येईल. २४ ते २९ ऑगस्ट या आठवड्यात डायरी आणि नवीन वेळापत्रक दोन्ही बरोबरीनं चालवायचं. ताईंना दुप्पट लिहावं लागेल, पण डायरी एकदम बंद करणं मला धोक्याचं वाटतं. ३१ ऑगस्टला पेशंटसाठीचं पान सुरू आणि शुक्रवारी, ४ सप्टेंबरला काम तुमच्या ताब्यात. त्यानंतर ३० दिवस बिघाडांची दुरुस्ती विनाशुल्क. नवीन सुविधा त्यात येत नाहीत.

नियमांना तुमचा होकार जितके दिवस लांबेल, तितक्या पुढच्या तारखा सरकतील.

मानधन आणि मालकी

मानधन फोनवर ठरलं तेवढंच. ३० टक्के काम सुरू करताना, ४० टक्के चाचणीची लिंक मिळाल्यावर आणि ३० टक्के काम ताब्यात घेतल्यावर. डोमेन आणि होस्टिंग तुमच्या नावानं, तुमच्याच खात्यातून घ्यायचं. त्याचा वार्षिक खर्च मानधनात नाही. चाचणीच्या आठवड्यात सुचलेले किरकोळ बदल ठरलेल्या कामातच येतात, मात्र नियमच बदलले तर आधी खर्च आणि वेळ सांगेन, मग हात लावेन.

शेवटच्या हप्त्यानंतर संपूर्ण कोड, सगळे पासवर्ड आणि ताईंसाठी दोन पानांची मराठी माहितीपुस्तिका तुमच्याकडे राहील. सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घेण्याचं बटणही असेल. उद्या दुसऱ्या कुणाकडून काम करून घ्यावंसं वाटलं, तर माझ्यावाचून अडू नये.

हा प्रस्ताव ३१ जुलैपर्यंत लागू आहे. मान्य असल्यास याच ईमेलला उत्तर द्या. सोबत उपचारांची यादी आणि प्रत्येकाला लागणारा वेळ पाठवलात, तर सोमवारी लगेच कामाला लागता येईल. एक प्रश्न राहिला: ट्रॅक्शनवर पेशंट असताना डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे जाऊ शकतात का? याच्या उत्तरावर वेळापत्रकाची बरीचशी मांडणी अवलंबून आहे, म्हणून तेवढं आधी कळवावं.

आपली,
मृणाल
वेब डेव्हलपर