बाबांचा परिचय: मॉडेलसाठी सूचना

खाली माझ्या बाबांनी स्वतः लिहिलेला परिचय आहे. महालातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर तो छापायचा आहे, वाचणारे बहुतेक नागपूरचेच. भाषा नीट कर, पण माणूस बदलू नकोस.

मूळ मजकूर:

"मी टपाल खात्यात ३१ वर्षं होतो, सॉर्टिंगला जास्त. २०१८ ला रिटायर झालो. २०१९ पासून रविवारी सकाळी महालात लोकांना फिरवतो, गांधी गेटपासून शुक्रवारी तलावापर्यंत. कोरोनात दोन वर्षं बंद होतं. दहा-बारा लोक येतात. मोडीचा एक वर्ग केला आहे, हळूहळू वाचता येते. मी इतिहासकार नाही. पत्ते शोधता शोधता गल्ल्या पाठ झाल्या. फेरी संपली की तर्री-पोहे."

तृतीयपुरुषी, साध्या प्रमाण मराठीत, जास्तीत जास्त ८० शब्दांत लिही. वाक्यांचा क्रम बदललास तरी चालेल, पण इथे नसलेली एकही माहिती आत यायला नको. खरी असली तरी नको. सीताबर्डीची लढाई १८१७ ची, गांधी गेटचं जुनं नाव जुम्मा दरवाजा, हे तुला माहीत असेल. पण बाबांनी ते लिहिलेलं नाही, आणि परिचय त्यांचा आहे, शहराचा नाही.

घोटाळा शब्द वाढवताना होतो. "मोडीचा एक वर्ग केला" याचं "मोडी लिपीचे जाणकार" झालं, तर सभेत कोणीतरी जुना कागद पुढे करेल आणि बाबा अवघडतील. सॉर्टिंग म्हणजे सॉर्टिंगच, "विविध जबाबदाऱ्या समर्थपणे सांभाळल्या" नाही. "२०१९ पासून अखंड" लिहू नकोस, मध्ये दोन वर्षांचा खंड आहे. दहा-बारांचे "अनेक इतिहासप्रेमी" करू नकोस. "इतिहासकार नाही" हे वाक्य गाळायचं नाही. ते नम्रता म्हणून लिहिलेलं नाही, खरंच तसं आहे.

बहुआयामी, हरहुन्नरी, ध्यास, वसा, वारसा जोपासणे, नव्या पिढीला प्रेरणा, संत्रानगरीचे सुपुत्र: यातलं काहीही दिसलं तर मी पूर्ण मजकूर परत पाठवीन. हे शब्द काढले की त्यांच्या जागी त्याच जातीचे दुसरे आणू नकोस, जागा रिकामी राहू दे. ८० ऐवजी ५५ शब्द झाले तरी पत्रिकेवाल्यांची हरकत नाही.

पत्त्यांचं आणि गल्ल्यांचं वाक्य या परिचयाचा जीव आहे, त्याला शक्यतो हात लावू नकोस. तर्री-पोहेही राहू दे. आईचं म्हणणं ते काढावं असं होतं, बाबा ऐकले नाहीत.

एखादी गोष्ट अर्धवट वाटली, उदाहरणार्थ मोडीचा वर्ग कुठे केला, तर अंदाजाने भरू नकोस. परिचयाखाली प्रश्न म्हणून लिही, मी बाबांना विचारून सांगेन. त्याखाली, मूळ मजकुरातला कुठला शब्द गाळला किंवा ज्याचा अर्थ किंचितही हलला, ते दोन ओळींत सांग. सुरुवातीला "नक्कीच" वगैरे नको, थेट परिचय दे.