मनू, उत्तराची घाई नको

मनू,

तुझा मेसेज वाचला. "सॉरी आई, या आठवड्यात पण फोन नाही जमला, खूप गिल्टी वाटतंय." आधी ते गिल्टी वगैरे काढून टाक बाई. फोन म्हणजे काही हजेरी नाही. कामाचा डोंगर असताना वेळ काढून नुसतं "बरी आहे, तू कशी आहेस, बाबा कसे आहेत" एवढं बोलून ठेवून देण्यापेक्षा पंधरा दिवसांनी पाय पसरून तासभर गप्पा मारलेल्या मला जास्त आवडतात. तशी मधे तुझी एखादी व्हॉइस नोट येतेच. रस्त्यावरून चालताना पाठवतेस ना, त्यातली मला फार आवडते. मागे ट्रामची घंटा वाजते, मग तू धापा टाकत जिना चढतेस, किल्ल्या शोधतेस, सापडत नाहीत म्हणून स्वतःवरच चिडतेस. बातमी काहीच नसते, पण तुझा अख्खा दिवस ऐकल्यासारखं वाटतं.

मागच्या वेळी तू मीटिंगचं ओझरतं सांगितलंस आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेलीस. मी मात्र तिथेच अडकले. मधेच तोडणाऱ्या त्या माणसाला तू म्हणालीस, "माझं बोलणं पूर्ण होऊ द्या, मग तुमचं ऐकते." तेही परक्या भाषेत, दहा जणांसमोर! वर मला म्हणतेस, "आवाज थोडा कापत होता." कापू दे की. वाक्य तर पूर्ण केलंस. शाळेत असताना वर्गात हात वर करायचीस आणि बाईंनी नाव घेतलं की "काही नाही" म्हणून खाली बसायचीस, आठवतं? मी हे बाबांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदाही त्यांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखंच ऐकलं, म्हणजे त्यांनाही ते परत ऐकायचंच होतं.

बाबांचं तुला माहीतच आहे. फोनवर आले की "हं, बोल, बरं आहे ना, घे आईशी बोल." पण सकाळी उठल्यावर चष्मा लावून पहिलं काय बघतात, तर तुझ्या गावचं हवामान. मग मला घोषणा होते: "आज तिच्याकडे उणे दोन, वारा आहे." मी म्हणते, मग तिला विचारा ना थंडी किती आहे ते. तर म्हणाले, "माहितीये की मला, विचारायचं काय त्यात!" तेव्हा तुझ्याशी न बोलताही त्यांचं तुझ्याबद्दल रोज बोलणं चालू असतं, एवढं धरून चल.

साडेचारलाच अंधार पडतो आणि ऑफिसमधून बाहेर पडल्यावर दिवस संपल्यासारखं वाटतं, असं तू लिहिलं होतंस. त्यावर भूगोलाच्या बाईंना गप्प बसवेना. सगळ्यात लहान दिवस 21-22 डिसेंबरला असतो हे तुला पाठ आहेच. पण सगळ्यात लवकरचा सूर्यास्त त्या दिवशी नसतो! तुझ्याकडे तो साधारण आठवडाभर आधीच होऊन जातो. म्हणजे दिवस अजून लहान होत असतानाच संध्याकाळ गुपचूप लांबायला लागलेली असते. सकाळ मात्र जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत उशिराच होत राहते. पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे सूर्याची दुपार घड्याळाच्या बाराशी रोज नेमकी जुळत नाही, थोडी पुढेमागे सरकते. तीस वर्षं मुलांना हे फळ्यावर काढून दाखवलं आणि त्यातल्या निम्म्यांना तरी ते कळलं नसणार. यातून तुला काही बोध वगैरे द्यायचा नाहीये हं. पुढच्या आठवड्यापासून सूर्यास्ताची वेळ बघत जा आणि एकेक मिनिट मोजून मला सांग, एवढंच. मला इथून ते दिसत नाही.

आता माझी बातमी. मी पोहायला शिकतेय! हसू नकोस. शिकवणारा मुलगा तुझ्याच वयाचा असेल. तो सारखा म्हणतो, "काकू, मान सोडा." आणि मी मान सोडून बाकी सगळं सोडते. बुडायच्या भीतीने डोकं वर उचललं की पाय खाली जातात, आणि पाय खाली गेले की भीती आणखी वाढते. छातीत श्वास भरून, कान पाण्यात जाऊ देऊन उताणं पडलं की शरीर आपसूक वर राहतं, हे मला पुस्तकातून केव्हाच माहीत होतं. पाठीला ते परवा कळलं. कठडा सोडून मी काही क्षण तरंगले. कान पाण्यात असल्याने एकदम शांत, आणि वर नुसतं छत. बाहेर आल्यावर पहिला विचार आला तो तुला सांगायचा. मग म्हटलं नको, आधी पलीकडच्या काठापर्यंत जाऊन दाखवू आणि मग सांगू. पण राहवलं नाही.

त्यामुळे आता मी रात्री दहालाच झोपते. तुमची घड्याळं मागे गेल्यापासून आपल्यात साडेचार तासांचं अंतर आहे, म्हणजे तू घरी पोचून टेकतेस तेव्हा मी गाढ झोपेत असते. तेव्हा रात्री फोन उचलला नाही तर काळजीत पडू नकोस. आणि खरंच काही तातडीचं असलं तर दोनदा लागोपाठ लाव, मी उठते. कितीही वाजले असले तरी.

अजून एक. मागे एकदा तू रडत फोन केला होतास आणि मी धडाधड उपाय सांगत सुटले होते. तू "हो, हो" म्हणत होतीस, पण तुला ते नको होतं. आपण एक ठरवू या का? फक्त मन मोकळं करायचं असेल तेव्हा आधी "नुसतं ऐक" असं लिही. मी एक शब्द मधे बोलणार नाही. बोललेच तर तूही म्हण, "माझं बोलणं पूर्ण होऊ द्या." सल्ला हवा असेल तर तो आहेच, त्याला काय तोटा! आणि काहीच सांगायचं नसेल तर तेही चालेल. तुझ्या सगळ्याच गोष्टी मला माहीत असायला हव्यात असं मुळीच नाही. माझ्याही सगळ्या तुला कुठे माहीत आहेत?

तुझं टेबल मी बळकावलंय, हे सांगायचं राहिलं. खिडकीशी उजेड छान येतो, तिथे बसून वाचते. खालच्या खणातल्या तुझ्या वह्या आणि ती कुलूपवाली डायरी जिथे होती तिथेच आहे. तू येशील तेव्हा टेबल परत मिळेल, खुर्ची मात्र आता माझी.

हे सगळं एका दमात वाचायची गरज नाही आणि लगेच लांबलचक उत्तर तर मुळीच नको. तुझं ते सबमिशन होऊ दे. मग एखाद्या रविवारी, उशिरा उठून, अंथरुणातूनच फोन कर. केस विंचरलेले नसले तरी चालतील, माझेही पोहण्यामुळे हल्ली कुठे जागेवर असतात!

खूप खूप प्रेम,
आई

ता. क. सायकलचं पंक्चर तू स्वतः काढलंस त्याचा फोटो बाबांनी मोठा करून करून पाहिला. विचारतायत, ठिगळ लावण्याआधी ट्यूब घासून घेतली होतीस का? फोनवर येऊन विचारा म्हटलं तर म्हणाले, "तूच लिही."