ध्वनिमुद्रण आराखडा: दृश्य 14, 22 आणि 31

साउंड विभागाकडून दिग्दर्शक, कॅमेरा, सहाय्यक दिग्दर्शक आणि प्रॉडक्शन यांच्यासाठी

मागच्या रविवारी सकाळी आणि संध्याकाळी तिन्ही जागी हेडफोन लावून उभा राहिलो. रस्ता गप्प करणं आपल्या हातात नाही, तसा प्रयत्नही करायचा नाही. संवाद जमेल तितका कोरडा घ्यायचा आणि बाजार वेगळा रेकॉर्ड करून मिक्सिंगला त्याखाली घालायचा. संवादात मिसळून आलेला भोंगा नंतर उपटून काढता येत नाही. ट्रॅकवर नसलेला भोंगा मात्र हवा तिथे टाकता येतो.

दृश्य 14, बाजारात बहीण-भावाचं भांडण. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा आहे. मेन रोड पूर्वेला आहे, म्हणून दोघांना पश्चिमेच्या भिंतीजवळ उभं करावं ही विनंती. बहिणीच्या क्लोजअपला कॅमेरा रस्त्याकडे पाठ करून असेल तर बूमही रस्त्याकडे पाठ करून धरता येईल. भावाच्या क्लोजअपला कॅमेरा फिरेल आणि माइकचं तोंड थेट रहदारीकडे जाईल. तेव्हा बूम फ्रेमच्या वरून, तोंड जमिनीकडे करून धरायचा, म्हणजे माइकसमोर रस्ता न येता फरसबंदी येईल. दोन्ही क्लोजअप लागोपाठ घ्या. मध्ये जेवणाची सुट्टी पडली तर मागचा आवाज बदलतो आणि प्रत्येक कटला तो जोड ऐकू येतो.

अंतराचा हिशोब कॅमेरा विभागाने लक्षात ठेवावा: माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की संवाद सुमारे 6 डीबीने पडतो, रस्ता मात्र तेवढाच राहतो. वाइड आणि टाइट एकाच वेळी दोन कॅमेऱ्यांनी घेतले तर टाइटलाही वाइडचाच आवाज मिळेल. या दृश्यात एका वेळी एकच कॅमेरा हवा.

जुनियर कलाकारांनी ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही, चपलांखाली फेल्ट. मुख्य कलाकारांनी मात्र बाजार भरात असल्यासारखं चढ्या आवाजात बोलायचं. शांत सेटवर नट नकळत आवाज खाली आणतात आणि नंतर गर्दी घातली की दोघं एकमेकांना ऐकू कसे येतात हेच कळत नाही. तालमीला मी स्पीकरवर गर्दी वाजवीन, टेकच्या आधी बंद करीन.

समोरच्या दुकानातलं गाणं बंद करून घेणं प्रॉडक्शनकडे. हक्कांचा प्रश्न आहेच, शिवाय मागे गाणं असलं की एडिटरला कुठेही कापता येत नाही. जनरेटर इमारतीच्या पलीकडे, 60 मीटर केबल मागवावी.

दृश्य 22, सिग्नलवर स्कूटर. इंजिन बंद, स्कूटर जागेवर. एक लेपल हेल्मेटच्या आत, कपाळाच्या पॅडिंगवर. दुसरा मागे बसलेलीच्या दुपट्ट्याखाली. बूम फक्त आधाराला. इंजिन आणि हॉर्न पॅकअपनंतर वेगळे घेऊ.

दृश्य 31, गर्दीतून चालत. 40 मीटरचा अखंड शॉट, बूम आत शिरू शकत नाही. दोन्ही लेपल, ट्रान्समीटर घोट्याला. फ्रिक्वेन्सी स्कॅन त्याच सकाळी जागेवर करणार, आदल्या दिवशीचा चालत नाही. कॉश्च्युमने सिंथेटिक कापड टाळावं, छातीवर ते माइकला घासून खरखरतं. या शॉटचा काही भाग डब करावा लागेल असं आत्ताच गृहीत धरतो. निदान शेवटच्या दोन ओळी थांबून म्हणता आल्या तर त्या वाचतील.

रेकॉर्डिंग. 48 kHz, 25 fps टाइमकोड, प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक आणि वर एक मिक्स. रेकॉर्डर 32-बिट फ्लोटवर असला तरी ट्रान्समीटरचा गेन तालमीतल्या सगळ्यात मोठ्या ओरडण्यावर लावणार. तिथे आवाज फाटला तर फ्लोट काही वाचवत नाही. लो-कट 80 हर्ट्झला. क्लॅप दरवेळी, टाइमकोड असला तरी.

टेकनंतर. हॉर्न शब्दावर आला तर मी हात वर करीन, दोन शब्दांच्या मधे आला तर गप्प बसेन. ओळ बिघडली असेल तर कलाकारांना सोडण्याआधी मागच्या बोळात नेऊन तीच ओळ तीनदा, त्याच माइकवर, त्याच अंतराने घ्यायची. दम लागलेला असतो, सूर अजून तोंडात असतो. तीन महिन्यांनी स्टुडिओत तो सापडत नाही. प्रत्येक दृश्यामागे याला 10 मिनिटं कॉलशीटवर लिहून हवीत. "वेळ मिळाला तर" असं लिहिलं की तो मिळत नाही.

प्रत्येक जागी युनिट जागेवर स्तब्ध ठेवून 1 मिनिट ॲम्बियन्स, त्याच बूमवर. पूर्ण स्टिरिओ बाजार मी आणि असिस्टंट दुसऱ्या दिवशी पहाटे 6 ला, दुपारी आणि रात्री शटर पडताना, दरवेळी 10 मिनिटं घेऊ. त्यासाठी युनिटची गरज नाही, फक्त चहा आणि गाडी.